उतरलेला सेल

गुहागर तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावात माझा दवाखाना आहे. ज्या मुलीची ही हकीगत आहे तिच्या आईवडिलांनी लिहायला होकार दिला. नावं मी बदलली आहेत, वेळा मात्र माझ्या वहीत त्या रात्री टिपलेल्या तशाच आहेत.

हरितालिकेची संध्याकाळ. घर भरलेलं. मुंबईहून दोन भाऊ बायकामुलांसह आले होते आणि ओटीवर मखराचं काम चाललं होतं. धाकटा भाऊ संतोष याने येताना चोवीस छोट्या पणत्यांचं पाकीट आणलं होतं, बॅटरीवर लुकलुकणाऱ्या प्लास्टिकच्या पणत्यांचं. मखराच्या कडेने त्या लावायच्या, मधे मोत्यांच्या माळा सोडायच्या, आणि बाप्पाला नवा मुकुट, भिकबाळी, पदक घालायचं असा बेत. पाच पणत्या लागेनात. संतोषने त्यांची खालची झाकणं नखाने उचकटली (स्क्रू नव्हताच, नुसतं दाबून बसवलेलं झाकण), आतले चपटे सेल काढले आणि नवे घातले. जुने सेल त्याने शेजारच्या पाटावर ठेवले. त्याच पाटावर सुटे मोती, चिकटवायचे खडे आणि गोंदाची बाटली होती. ओवी, वय एकोणीस महिने, तिथेच घुटमळत होती. तिला पाटावरून दोनदा उचललं होतं, असं आजी नंतर म्हणाल्या.

८ वाजून २५ मिनिटांनी मला फोन आला. आजी बोलत होत्या. "डॉक्टर, पोरीनं कायतरी गिळलान वाटतं. मणीच असेल. लाळ थांबत नाय आणि भात तोंडातनं बाहेर टाकते."

पहिला प्रश्न मी नेहमी एकच विचारते: रडतेय का, आवाज फुटतोय का? रडतेय, जोरात, म्हणाल्या. ओठ निळे नव्हते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज नव्हता. म्हणजे जे काही अडकलं होतं ते श्वासनळीत नसून बहुधा अन्ननळीत होतं. मणी असता तर घाई वेगळी झाली असती. गुळगुळीत लहान मणी अन्ननळीतून सहसा खाली जातो, त्याची भीती असते ती श्वासनळीत जाण्याची. पण सतत गळणारी लाळ आणि नाकारलेला घास म्हणजे वाटेत काहीतरी बसून राहिलंय, आणि ते मण्यापेक्षा मोठं आहे.

मी विचारलं, पाटावर काय काय होतं? मोती, खडे, गोंद. आणखी? मागून संतोषचा आवाज आला, "सेल होते, पण ते उतरलेले होते."

मी त्याला मोजायला सांगितलं. नव्या सेलांची पट्टी पाचाची होती आणि रिकामी झाली होती. म्हणजे पाच नवे आत गेले, पाच जुने बाहेर आले. पाटावर चार होते. पाटाखाली, चटईखाली, मखराच्या मागे बघा म्हटलं, पण दोन मिनिटांच्या वर शोधू नका. पाचवा मिळाला नाही. संतोष पुन्हा म्हणाला, "पण मॅडम, त्यात काही दम नव्हता, म्हणून तर काढले." त्या रात्री हे वाक्य मी आणखी दोघांकडून ऐकलं, त्यातले एक डॉक्टर होते. सारा गैरसमज या एका वाक्यात आहे, म्हणून जरा थांबून तेच सांगते.

या पणत्यांत बहुतेक वेळा असतो तो सीआर २०३२ नावाचा लिथियमचा सेल. आकड्यातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. नवा असताना तो ३ व्होल्ट देतो. पणतीतला दिवा लागायला जवळजवळ तेवढाच दाब लागतो, त्यामुळे सेल थोडा उतरला की दिवा मालवतो आणि आपण म्हणतो संपला. पण घशाचं नुकसान करायला एवढा दाब लागतच नाही. सव्वा-दीड व्होल्टही पुरतो. दिव्याच्या दृष्टीने मेलेला सेल ओल्या अन्ननळीत चांगला जिवंत असतो.

आणि नुकसान होतं ते सेल फुटून आतलं रसायन गळल्यामुळे, असंही लोकांना वाटतं. सेल अखंड असला तरी ते होतं. लाळ खारट असते, खारट पाण्यातून वीज वाहते. सेलच्या दोन्ही बाजू ओल्या मांसाला टेकल्या की त्यातून प्रवाह सुरू होतो आणि उणे बाजूपाशी पाण्याचं विघटन होऊन अल्कली तयार होते, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचा दाहक पदार्थ. ती मांस अक्षरशः विरघळवत जाते. दोन तासांत खोल जखम होऊ शकते. लहान मुलाची अन्ननळी अरुंद, आणि वीस मिलिमीटरची चकती तिथे नेमकी अडकते. घड्याळातले, खेळण्यांतले छोटे दीड व्होल्टचे सेल बरेचदा खाली सरकतात. हा मोठा सरकत नाही, आणि त्याचा दाबही दुप्पट.

गणपतीनंतर मी त्या घरच्यांना हे करून दाखवलं. कोंबडीच्या मांसाचा तुकडा घेतला, त्यावर मिठाचं पाणी शिंपडलं, चिमूटभर हळद चोळली आणि पाटावर उरलेल्या त्या चार "उतरलेल्या" सेलांपैकी एक उणे बाजू खाली करून ठेवला. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. थोड्याच वेळात सेलच्या कडेला बारीक बुडबुडे आले आणि हळद तांबूस झाली. दोन तासांनी सेल उचलला तेव्हा खाली काळसर खड्डा होता. संतोष काही बोलला नाही. (कुणाला करून बघायचं असेल तर मूल घरात नसताना करा आणि तुकडा मांजराला घालू नका.)

परत त्या रात्रीकडे. फोनवर आजींनी विचारलं की कोरड्या भाताचा गोळा देऊ का. समुद्राकाठच्या घरात माशाचा काटा अडकला की हाच उपाय असतो, त्यामुळे तो सुचणं साहजिक. केळंही सोललेलं होतं. दोन्ही नको म्हटलं. घास ढकलून सेल खाली जाईलच असं नाही, उलट जखमेवर दाब पडतो, आणि पुढे भूल द्यायची तर पोट भरलेलं असणं धोक्याचं. बोट घालून ओकारी काढणं त्याहून वाईट, कारण वर येताना तो श्वासनळीत शिरू शकतो.

द्यायचा होता तो मध, आणि तो पंचामृतासाठी देवघरात आणून ठेवलेलाच होता. मधाचा थर सेल आणि मांस यांच्यामधे बसतो आणि अल्कलीचा जोर थोडा मारतो. नियम असा: मूल एक वर्षाच्या वरचं असेल, गिळून बारा तासांपेक्षा कमी वेळ झाला असेल आणि ते गिळू शकत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिलिलिटर, फार तर सहा वेळा. एक वर्षाखालच्या बाळाला मध देत नाहीत, त्यातून होणारा बोट्युलिझम जिवावर बेतू शकतो. मधाने जखम मंदावते, थांबत नाही. म्हणून तो गाडीत बसून द्यायचा, मधासाठी निघणं लांबवायचं नाही.

८:४० ला ते निघाले. मी वाटेत गाडीत बसले. ओवीने पहिले दोन चमचे घेतले, तिसऱ्या वेळी अर्धा ओठांवरून खाली आला. तरी शृंगारतळीच्या पुढे जाईपर्यंत चार वेळा पोटात गेला.

कुठे जायचं हा खरा प्रश्न होता. सर्वांत जवळ नेणं हे नेहमीच बरोबर नसतं. इथे दोन गोष्टी लागतात: आधी एक्स-रे, आणि मग लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने सेल काढणारी माणसं. सणाच्या आदल्या रात्री गावाजवळ पहिलीही मिळणार नव्हती. चिपळूणला एक्स-रे होता. दुसरी गोष्ट तिथे त्या रात्री नव्हती, म्हणून मी वाटेतूनच घाटावर कऱ्हाडला फोन करून ठेवला आणि १०८ ची गाडी चिपळूणला बोलावून घेतली. चिपळूणला पोचून मग शोधाशोध केली असती तर आणखी तास गेला असता.

९:५० ला चिपळूण, १०:०५ ला फिल्म. एक्स-रे नाकापासून खालपर्यंत काढायचा असतो, कारण वस्तू कुठेही असू शकते आणि एकाहून जास्तही असू शकतात. छातीच्या वरच्या भागात गोल पांढरी चकती दिसली. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "नाणं आहे, मॅडम. सकाळपर्यंत थांबू शकतो." त्यांचं निम्मं बरोबर होतं. त्रास नसलेल्या मुलाच्या अन्ननळीतल्या नाण्याला काही तास वाट बघता येते. पण ही चकती नाणं नव्हती. चित्र मोठं करून कड बघितली की कळतं: नाणं कडेपर्यंत सारखं पांढरं असतं, सेलच्या कडेच्या आत आणखी एक वर्तुळ दिसतं, जेवणाच्या ताटाच्या काठासारखं. त्याखेरीज बाजूने काढलेल्या फिल्ममधे सेलला पायरी दिसते, एक बाजू दुसरीपेक्षा थोडी लहान. लहान बाजू ती उणे. ती कुठे तोंड करून आहे त्यावरून पुढचं संकट कुठल्या दिशेला आहे ते ठरतं. ओवीची पायरी पुढे होती. पुढे म्हणजे श्वासनळीकडे.

आम्ही हे बघत असताना त्यांनीच विचारलं, "सेल उतरलेला होता ना पण?" मी त्यांना दोष देत नाही. मलाही हे कुणीतरी एकदा समजावून सांगितलं होतं.

१०:२५ ला निघून कुंभार्ली घाट, पाऊस, धुकं, आणि वरून कोकणात उतरणाऱ्या गाड्यांची रांग. कऱ्हाडला १२:५०. भूलतज्ज्ञ आणि दुर्बीणवाले डॉक्टर थांबलेले होते. १:२० ला सेल बाहेर आला. उणे बाजूवर काळा थर होता आणि अन्ननळीच्या पुढच्या भिंतीवर तशीच काळपट जखम. त्यांनी ती जागा अगदी सौम्य अॅसेटिक अॅसिडने धुतली, उरलेली अल्कली मारण्यासाठी. हे काम दुर्बिणीखाली, डॉक्टरांनी करायचं असतं. कुणी हे वाचून मुलाला व्हिनेगर पाजू नये.

जवळजवळ सहा तास. त्यातला एक तास फोनच्या आधी गेला होता, कारण सगळे मणीच समजून तो शौचातून पडेल म्हणत होते.

सेल निघाला की संपलं असं घरच्यांना वाटलं. मांसात गेलेली अल्कली मात्र नंतरही काही दिवस आपलं काम करत राहते. श्वासनळीला भोक पडण्याची भीती होती, म्हणून ओवीला तोंडाने काही न देता नाकातल्या नळीतून दूध दिलं. काही दिवसांनी रंगाचं औषध पाजून एक्स-रे घेतला, गळती नव्हती. घरी सोडताना तिच्या आईला तीन गोष्टी सांगितल्या: पाणी पिताना ठसका लागायला लागला, उलटीत किंवा शौचात रक्ताचा ठिपका दिसला, किंवा आवाज बसला, तर दिवस मोजत बसू नका, परत या. रक्ताचा तो ठिपका बारीक असला तरी दुर्लक्ष करायचा नसतो. जखम मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचली तर पहिली खूण तेवढीच असते, आणि ती सेल काढल्यावर आठवड्यांनीही येऊ शकते. ओवीला यातलं काही झालं नाही. पाचव्या आठवड्यात मऊ भात जाईना. जखम भरताना नळी आवळली होती. दोनदा ती फुग्याने रुंद करावी लागली. आता ती जेवते, सावकाश.

आता सजावटीकडे. सेल कळल्यावर घरच्यांनी उरलेल्या दागिन्यांकडेही बघितलं, आणि बाप्पाच्या नव्या भिकबाळीत आणि पदकात वेगळीच गोष्ट सापडली. शाडूच्या मूर्तीला भोक पाडायचं नसतं, म्हणून भिकबाळीच्या मागे आणि कानाच्या मागे मसुराच्या दाण्याएवढे दोन चुंबक, मधे मूर्तीचा पातळ कान. एवढासा चुंबक कानातून दुसऱ्याला धरून ठेवतो, हे बघूनच त्याची ताकद कळावी. मुलाने असे दोन गिळले, आणि एक पुढे आतड्यात गेल्यावर दुसरा गिळला, तर ते आतड्याच्या दोन वळणांच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात. तिथे रक्त पोचत नाही आणि भोक पडतं. सेलसारखी लाळ नाही, रडणं नाही. दोनचार दिवस पोट दुखतं, उलटी होते, आणि सगळे म्हणतात प्रसादाचं जेवण बाधलं. म्हणून चुंबक गेल्याची शंका असेल तर त्रास नसतानाही त्याच दिवशी एक्स-रे. मधाचा इथे काही उपयोग नाही. एकच चुंबक गेलाय असं मुलाचा मोठा भाऊ सांगत असला तरी त्यावर विसंबायचं नाही, एकाला एक चिकटलेले दोन फिल्मवर एकासारखे दिसतात.

भिकबाळी आता दोऱ्याने बांधतात. मुकुट मेणाच्या गोळीवर बसवतात, जुन्या लोकांसारखा.

मोत्यांचं काय केलं ते सांगण्याजोगं आहे. गौरीच्या गळ्यातली तुटलेली माळ आजी दरवर्षी ओवून घ्यायच्या, ओटीवरच, कारण तिथे उजेड. आता ते काम माळ्यावर होतं, पांढऱ्या धोतरावर बसून, म्हणजे पडलेला मणी दिसतो. माप म्हणून मी त्यांना पुठ्ठ्यात ३.२ सेंटिमीटरचं भोक कापून दिलं. त्यातून जे पडतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी येऊ द्यायचं नाही. खेळण्यांच्या सुरक्षेसाठी वापरतात त्या नळीचा व्यास जवळपास एवढाच असतो. फुलदाणीत घालायचे पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर मी घरात आणूच नका म्हटलं. ते पोटात गेल्यावरही फुगतात, आतडं अडवतात, आणि एक्स-रेवर दिसत नाहीत.

काम झाल्यावर ओटी झाडतात, पण झाडू मणी कोपऱ्यात लोटतो. त्यासाठी दिवे मालवून विजेरी जमिनीलगत आडवी धरायची. एक मोतीसुद्धा मग वीतभर सावली टाकतो. सेल आणि चुंबक सारवलेल्या जमिनीच्या भेगेत जातात, त्यांना संतोष जुन्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून फिरवतो. सेलचं कवच लोखंडी जातीचं असल्याने तो टपकन चिकटतो. पहिल्याच वर्षी त्याला पाचव्याबरोबर गेल्या कुठल्यातरी चतुर्थीचा एक गंजलेला सेलही मिळाला, असं तो म्हणतो. खरं तर मिळाला होता एकच, तो गंजलेलाच. पाचवा कुठे होता ते सगळ्यांना माहीत होतं.

पणत्या त्यांनी टाकून दिल्या. यंदा मखराला पिनेच्या वायरची माळ आहे, बटण उंचावर. बॅटरीचं काही घ्यायचंच असेल तर पेन्सिल सेलवर चालणारं आणि झाकणाला स्क्रू असलेलं, आणि स्क्रू खरंच घट्ट आहे का हे दुकानातच बघून. मुलाचा हात कुठवर पोचतो हे उंचीवरून ठरवू नका, असं मी सांगते, कारण ओवी पाट ओढून चौरंगापर्यंत चढत होती.

मात्र मला सर्वांत जास्त काळजी असते ती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची. मखर उतरवताना कुणाचं लक्ष नसतं, दमलेले असतात, मुंबईची गाडी गाठायची असते. दिवे डब्यात जातात आणि "पुढच्या वर्षी गळतील" म्हणून सेल काढून वाटीत ठेवतात. वाटी खिडकीत. संतोषने यंदा घरातल्या घड्याळाचा आणि गाडीच्या चावीचा जुना सेलही काढला, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली, बरणीत घातले आणि बरणी स्वतःच्या बॅगेत टाकली. झाकण लावण्याआधी आजींनी त्याच्या हातून ती घेतली आणि ओटीवर बसून एकेक मोजला.